गिंप : भिंतीवरचा स्विचबोर्ड काढायचाय, हीलने डाग पडतोय आणि क्लोनने ठिगळ दिसतंय

निळाई

नमस्कार मंडळी. गिंप पंधरा दिवसांपूर्वी टाकलंय, त्याआधी फोटो एडिटिंग म्हणजे फोनमध्ये क्रॉप करणं एवढंच माहीत होतं. पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायचं नाहीये, म्हणून प्लीज गिंपमध्येच काय होईल ते सांगा.

आईचा एक फोटो आहे, खूप सुंदर आलाय, फ्रेम करायचाय. मागे फिकट क्रीम रंगाची भिंत, डावीकडे खिडकी असल्यामुळे भिंत डावीकडे उजळ आणि उजवीकडे जाईल तशी हळूहळू काळपट होत जाते. भिंतीवर दोन गोष्टी नकोत. एक वरती खिळा आहे, आणि दुसरा आईच्या उजव्या खांद्याला चिकटून गडद तपकिरी स्विचबोर्ड. म्हणजे बोर्डाचा खालचा कोपरा खांद्याच्या मागे गेलाय. आईच्या अंगात गडद निळा ड्रेस आहे.

खिळा हीलने एका क्लिकमध्ये गेला, इतका छान गेला की मी खूश होऊन लगेच बोर्डावर गेले. तिथे सगळंच बिघडलं. बोर्डाच्या मध्ये हील फिरवला तर स्विच गायब झाले पण तपकिरी रंग तसाच, भिंतीवर ओल आल्यासारखा डाग. आणि खांद्याजवळ तर ड्रेसचा निळा रंग भिंतीवर धुरासारखा पसरला. मग क्लोन वापरून पाहिला, त्याने बोर्ड गेला पण चौकोनी ठिगळ लावल्यासारखं दिसतंय, लांबून पण कळतं.

फोटो ४००० × ३००० चा आहे, बोर्ड साधारण १४० पिक्सेल रुंद आणि तेवढाच उंच. नेमकं काय चुकतंय?

फोटोवेडा

निळाई, हील विसरा. माझा अनुभव असा की हील फक्त चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी. बाकी सगळं क्लोनने करायचं. क्लोनची Opacity ३०-४० वर आणा, ब्रश एकदम मऊ घ्या आणि चार-पाच वेळा हलके हलके फिरवा, ठिगळ दिसणार नाही. मी असंच करतो नेहमी.

आभा७

माझ्याकडे पण सेम प्रॉब्लेम आहे!! ग्रुप फोटोत मागून एक माणूस चालत गेलाय, त्याच्या पुढे दोघं जण उभे आहेत, म्हणजे त्याचे हात त्यांच्या मधून दिसतात. तो पूर्ण माणूस हीलने निघेल का? मी ब्रश ६०० केला तर कॉम्प्युटर अडकतो आणि माणसाच्या जागी रंगीत ढग येतो.

खडूफळा

निळाई, तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की फोटो न बघता पण कळतंय काय झालं. तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे, ते आधी सांगतो, मग पायऱ्या, कारण मूळ कळलं की पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

क्लोन म्हणजे सरळ सरळ झेरॉक्स. तुम्ही Ctrl दाबून जिथे क्लिक केलं तिथले पिक्सेल उचलून जसेच्या तसे इकडे ठेवतो. हील तसं करत नाही. हील त्या जागेवरून फक्त पोत उचलतो, म्हणजे भिंतीचा खरखरीतपणा, बारीक दाणे. रंग आणि उजेड मात्र तो उचलत नाही, तो घेतो तुम्ही जिथे ब्रश टेकवलाय त्या गोलाच्या कडेला जे काही आहे त्यातून. कडेचे रंग चहूबाजूंनी आत ओढून गोल भरतो आणि वर ती पोत पसरतो.

आता तुमचा खिळा बघा. ब्रश खिळ्यापेक्षा मोठा होता, त्यामुळे गोलाची कड सगळीकडून स्वच्छ भिंतीवर होती. भिंतीचा रंग आत ओढला, खिळा गेला.

बोर्डावर काय झालं? ब्रश बोर्डापेक्षा लहान होता ना? मग गोलाची कडच तपकिरी बोर्डावर पडली. त्याने प्रामाणिकपणे तपकिरी रंग आत ओढला आणि त्यावर भिंतीची पोत लावली. म्हणून स्विच गेले, रंग राहिला. ओल आल्यासारखा डाग म्हणालात, अगदी तेच.

खांद्याजवळ गोलाची एक बाजू ड्रेसवर पडली. झालं, निळा रंग भिंतीत ओढला गेला, तुमचा धूर.

आणि क्लोनचं ठिगळ. तुम्ही बहुतेक बोर्डाच्या उजवीकडची किंवा डावीकडची भिंत उचलली. पण तुम्हीच सांगितलंय की उजेड डावीकडून उजवीकडे बदलतोय. झेरॉक्समध्ये तो उजेड पण आला, म्हणून चौकोन दिसतो.

म्हणजे दोन्ही टूल बरोबर आहेत, क्रम चुकला. अशा ठिकाणी आधी क्लोनने वस्तू आणि खांद्याची कड सोडवायची, आणि मग क्लोनचे जोड हीलने मिटवायचे. संध्याकाळी पूर्ण लिहितो.

आणि फोटोवेडा, तुमच्या Opacity वाल्या गोष्टीवर पण बोलायचंय, ती पद्धत ठिगळ लपवते पण दुसरं एक नुकसान करते.

फोटोवेडा

कसलं नुकसान? सात-आठ वर्षं करतोय, कोणी काही बोललं नाही :) लिहा तुम्ही, वाचतो.

सुमेध_क

एक सूचना, मूळ फोटोवर काम करूच नका. वर एक नवीन रिकामा लेयर घ्या, टूलच्या ऑप्शनमध्ये Sample merged ला टिक करा आणि सगळं क्लोन-हील त्या रिकाम्या लेयरवर करा. चुकलं तर तेवढंच खोडता येतं. यूट्यूबवर सगळे असंच दाखवतात.

खडूफळा

सुमेध, क्लोनसाठी हे शंभर टक्के बरोबर, मी पण तसंच करतो. पण हीलला रिकाम्या लेयरवर मी टाळतो, आणि नवीन माणसाला तर नाहीच सांगणार. वर म्हटलं तसं हीलला खालचा रंग लागतो कडेकडून ओढायला, आणि रिकाम्या लेयरवर ओढायला रंगच नसतो. मला तिथे कायम घाण कडा मिळाल्यात. तुम्ही म्हणताय ते व्हिडिओ बहुतेक दुसऱ्या सॉफ्टवेअरचे असतील, तिथे चालतं. गिंपमध्ये हील करायचा असेल तर फोटोच्या लेयरची कॉपी करायची आणि कॉपीवर करायचा. मूळ खाली सुरक्षित राहतंच.

आता निळाईंसाठी पूर्ण काम. सावकाश वाचा, पंधरा-वीस मिनिटांचं आहे.

फोटो उघडल्यावर Ctrl+Shift+D दाबा, लेयरची कॉपी होईल. लेयरच्या यादीत वरची कॉपी निवडलेली आहे ना बघा, सगळं काम तिच्यावर. लगेच Ctrl+S करून .xcf म्हणून सेव्ह करा, जेपीजी शेवटी एकदाच काढायची.

आता सगळ्यात आधी खांद्याची कड. लोक हे शेवटी ठेवतात कारण अवघड वाटतं, पण हीच जागा आधी सोडवली की बाकी सोपं होतं. बोर्ड जिथे खांद्याला भिडतो तिथे २०० टक्क्यांवर झूम करा, कीबोर्डवर २ दाबलं की होतं. नीट बघितलंत तर दिसेल की खांद्याची रेघ चाकूने कापल्यासारखी नाहीये, दोन-तीन पिक्सेल निळा आणि तपकिरी रंग एकमेकांत मिसळलेत. नुसती भिंत लावून बोर्ड झाकलात तर ही तपकिरी किनार खांद्यावर उरते आणि फ्रेममध्ये खांद्याला रेघ मारल्यासारखं दिसतं. म्हणून कड सुद्धा बदलायची, आणि त्यासाठी त्याच खांद्यावरची चांगली कड उचलायची.

C दाबा, क्लोन येईल, शिक्क्याचं चित्र असलेलं टूल. Size २५ च्या आसपास, Hardness ७५. खाली Alignment मध्ये Aligned करा, हे महत्त्वाचं आहे, का ते पुढे सांगतो. आता खांद्याच्या रेघेवरच थोडं पुढे जा, दंडाच्या बाजूला किंवा मानेच्या बाजूला, जिथे मागे स्वच्छ भिंत आहे आणि रेघेचा उतार बोर्डाजवळच्या उतारासारखाच आहे. बरोबर रेघेवर Ctrl दाबून क्लिक करा. मग बोर्डाजवळ येऊन बरोबर रेघेवरच क्लिक करा. अर्धा ब्रश ड्रेसवर, अर्धा भिंतीवर. कड जुळली तर तसंच रेघेवरून पुढे चार-पाच क्लिक. नाही जुळली, खांद्याला पायरी पडली, तर Ctrl+Z आणि पुन्हा Ctrl क्लिक. मला स्वतःला हे सहसा तिसऱ्या प्रयत्नात जमतं, त्यामुळे घाबरू नका.

क्लोन उचललेला तुकडा फिरवत नाही हे लक्षात ठेवा. उतार वेगळा असेल तर कितीही प्रयत्न करा, कड जुळणार नाही, दुसरी जागा शोधावीच लागते.

हे झालं की बोर्ड आणि खांदा यांच्यामध्ये भिंतीची एक बारीक पट्टी तयार होते. आता बोर्ड खांद्याला शिवत नाही. तुमचं अवघड काम संपलं.

पुढे बाकीचा बोर्ड. Size ६०, Hardness ५०. या वेळी भिंत उचलायची ती बोर्डाच्या सरळ वरून. उजवी-डावीकडून नाही. उजेड आडवा बदलतोय, उभा फारसा बदलत नाही, म्हणून सरळ वरच्या भिंतीचा उजेड बोर्डाच्या जागेशी जवळपास जुळतो. बोर्ड भरून टाका आणि त्याची सावली विसरू नका. खिडकी डावीकडे आहे म्हणजे सावली बोर्डाच्या उजवीकडे असणार, वीस-पंचवीस पिक्सेलची फिकट पट्टी. बोर्ड गेल्यावर ती सावली एकटी उरली तर बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं.

आता थोडं ठिगळ दिसेलच, दिसू दे. आता हील. H दाबा, चिकटपट्ट्यांचं चित्र. Size ८०, Hardness ५०. स्वच्छ भिंतीवर Ctrl क्लिक, आणि ठिगळाचे जोड जिथे दिसतात तिथे एकेक क्लिक. ब्रश घासत ओढत नेऊ नका, क्लिक, बघा, पुन्हा क्लिक. एकच नियम, ब्रशचा गोल खांद्याच्या रेघेला शिवता कामा नये. खांद्याजवळ जायचं असेल तर ब्रश लहान करा, [ दाबत जा. अगदी रेघेजवळचे दहा-पंधरा पिक्सेल हीलने करायचेच नाहीत, ते क्लोनने झालेले तसेच राहू द्या.

निळाई

खडूफळा दादा, खूप खूप आभार, एवढं सविस्तर. गोलाच्या कडेचा रंग आत ओढतो, हे वाचल्यावर डोक्यात एकदम प्रकाश पडला. आज रात्री बसते.

एक विचारते, बोर्ड १४० चा आहे तर मग हीलचा ब्रश सरळ २०० करून खिळ्यासारखा एका क्लिकमध्ये का नाही काढायचा?

खडूफळा

बरोबर प्रश्न. बोर्ड मोकळ्या भिंतीवर मध्येच असता तर मी तेच सांगितलं असतं. दोन अडचणी आहेत. चौकोनी बोर्ड गोल ब्रशमध्ये बसवायचा तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळपास २०० पिक्सेल होतात, त्यात सावली धरली तर ब्रश २४०-२५० लागेल, आणि मऊ ब्रशच्या कडेला जोर कमी असतो म्हणून अजून थोडा मोठा. एवढा गोल खांद्यावर चढणारच, की आला धूर. पण कडेची पट्टी क्लोनने मोकळी केल्यावर सुद्धा मोठा ब्रश खांद्यावरच जातो, म्हणून बोर्ड पण क्लोनने भरायचा आणि हील फक्त जोडांपुरता ठेवायचा.

टपोरेमोती

मध्येच विचारते, सॉरी. माझ्याकडे हील चालतच नाही. Ctrl क्लिक केलं, वर्तुळ दिसतं, पण क्लिक केलं की खाली काहीतरी इंग्रजीत मेसेज येतो आणि काही होत नाही. क्लोन मात्र चालतो. फोटो नाहीये, एका जुन्या पोस्टरची पीएनजी आहे.

सुमेध_क

मेसेज काय येतो ते लिहा ना. Set a source image first असेल तर तुम्ही सोर्स घेतलाच नाहीये.

टपोरेमोती

नाही, Healing does not operate on indexed layers असं येतं.

खडूफळा

मोती, तुमची पीएनजी इंडेक्स्ड आहे, म्हणजे मोजक्या ठरलेल्या रंगांची, जास्तीत जास्त २५६. हीलला मधले रंग तयार करावे लागतात, ते त्या यादीत नसतात, म्हणून तो नकार देतो. क्लोन आहे तेच रंग उचलतो म्हणून चालतो. Image मेनूत Mode मध्ये जाऊन RGB करा, हील लगेच चालेल.

टपोरेमोती

चाललं!! दोन दिवस डोकं खात होते. थँक्यू.

आभा७

माझ्या माणसाचं कोणीच सांगितलं नाही :( तोपर्यंत मैत्रिणीने सांगितलं की रीसिंथेसायझर नावाचं फुकट प्लगइन आहे, त्यात नुसतं सिलेक्ट करायचं आणि Heal Selection दाबायचं, झालं. मग निळाईने पण तेच टाकावं की, एवढी झंझट कशाला?

फोटोवेडा

हो ते प्लगइन चांगलं आहे. गवत, वाळू, पाणी असल्या गोष्टींवर जादू करतं.

खडूफळा

आभा, तुमचा प्रश्न आणि निळाईंचा प्रश्न एक नाहीये म्हणून बाजूला ठेवला होता, राग नका मानू. निळाईंच्या बोर्डामागे काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, साधी भिंत, आणि ती शेजारी उचलायला भरपूर आहे. तुमच्या माणसामागे काय होतं ते फोटोत कुठेच नाहीये, शिवाय पुढच्या दोघांचे हात, कपडे यांच्या कडा त्याला भिडलेल्या. हील आणि क्लोन नवीन काही बनवत नाहीत, फोटोत जे आहे तेच दुसरीकडे नेतात. त्याच ठिकाणी तो माणूस यायच्या आधी किंवा नंतर काढलेला दुसरा फोटो असेल तर सांगा, मग सोपं आहे, त्यातून मागचा भाग आणता येतो. क्लोनचा सोर्स दुसऱ्या उघड्या फोटोतून सुद्धा घेता येतो.

प्लगइन मी पण वापरतो, मोठ्या गवताळ जागेसाठी उत्तम. पण ते गिंपसोबत येत नाही, वेगळं टाकावं लागतं, आणि गिंप ३ आल्यावर २.१० साठी बनवलेली जुनी प्लगइनं तशीच्या तशी चालत नाहीत, त्यामुळे तुमच्या आवृत्तीचं मिळतंय का बघा. आणि ते सिलेक्शनच्या आजूबाजूचा भाग उचलतं, त्यात निळाईंचा खांदा पण आला. मग भिंतीत ड्रेसचे तुकडे यायला लागतात.

आभा७

आहे आहे, लागोपाठ तीन फोटो काढले होते! वेगळा धागा काढते.

निळाई

बसले होते रात्री. सांगते काय झालं.

खांद्याची कड पाचव्या प्रयत्नात जुळली!! पहिल्या चार वेळा पायरी पडत होती, मग लक्षात आलं की मी मानेजवळची कड घेत होते, तिथे उतार जास्त आहे. दंडाच्या बाजूची घेतली तर बरोबर बसली. तपकिरी किनार पूर्ण गेली. हे बघून मला खरंच डोळ्यात पाणी आलं, कारण मी हा फोटो सोडूनच दिला होता.

पण दोन गोष्टी अडल्यात. एक, Aligned विसरले होते आधी, None वर होतं, तेव्हा प्रत्येक क्लिकला तोच तो खांद्याचा तुकडा येत होता. Aligned केल्यावर ठीक झालं पण नेमका फरक समजला नाही. दोन, बोर्डाची जागा आता जवळून बघितली तर छान दिसते, पण फोटो पूर्ण दिसेल असा केला की तिथे भिंत थोडी गुळगुळीत वाटते, साबण लावल्यासारखी. हे मी फोटोवेडा यांचं ऐकून Opacity ४० वर ठेवून तीन-चार वेळा फिरवलं होतं, त्याने आहे का?

खडूफळा

पाचव्या प्रयत्नात म्हणजे फार छान. तुम्ही उतार ओळखलात, तीच या कामातली खरी नजर.

Aligned चं असं, समजा तुम्ही सोर्स इथे घेतला आणि पहिला क्लिक त्याच्या १५० पिक्सेल डावीकडे केलात. Aligned मध्ये हे १५० चं अंतर पक्कं होतं. पुढचा क्लिक २० पिक्सेल खाली केलात तर सोर्स पण २० खाली सरकतो. दोघं हातात हात धरून चालतात, म्हणून कड सलग येते. None मध्ये ब्रश उचलून पुन्हा टेकवला की सोर्स परत पहिल्या जागी जातो, म्हणून तुम्हाला तोच तुकडा पुन्हा पुन्हा आला. कडेसाठी Aligned हवंच. हीलला मोकळ्या भिंतीवर दोन्ही चालतात, फक्त None असेल तर दर तीन-चार क्लिकनंतर नवीन जागी Ctrl क्लिक करा, नाहीतर एकच पोत रांगेत छापल्यासारखी दिसते.

साबणाचं कारण तुम्ही बरोबर ओळखलंत. फोटोवेडा, हेच ते नुकसान. फोटोत सगळीकडे बारीक दाणे असतात, कॅमेऱ्याचे, भिंतीचे. ४० टक्क्यांनी एकावर एक वेगवेगळ्या जागेचे थर दिले की दाण्यांची सरासरी होते आणि ते पुसले जातात. ठिगळाची कड जाते खरी, पण जागा गुळगुळीत होते. म्हणून क्लोन १०० टक्के Opacity ने करायचा, आणि कड मऊ करायची असेल तर Hardness कमी करून.

निळाई, आता परत सुरुवात नको. त्या जागेवर क्लोन १०० वर ठेवून सरळ वरच्या भिंतीवरून पुन्हा एकदा भरा आणि मग जोडांना हील.

फोटोवेडा

हे माझ्या जुन्या फोटोंवर जाऊन बघितलं, खरंच गुळगुळीत आहेत, १०० टक्के झूमला कळतं. फोनच्या स्क्रीनवर कधी दिसलं नव्हतं. पण मी म्हणेन की आकाशाला, जिथे दाणे जवळपास नसतातच, तिथे कमी Opacity अजूनही चालते.

खडूफळा

स्वच्छ दिवसाच्या आकाशाला चालेल, मान्य. संध्याकाळच्या आकाशाला मी नाही करणार, तिथे दाणे बरेच असतात.

निळाई, प्रिंटला द्यायच्या आधी एक तपासणी नक्की करा. डोळ्याला सवय झाली की आपल्याला आपलं ठिगळ दिसत नाही. Layer मेनूत New from Visible करा, म्हणजे दिसतंय त्याचा एक वेगळा लेयर वर तयार होईल. त्या लेयरवर Colors मध्ये Levels उघडून काळं आणि पांढरं टोक भिंतीच्या रंगाच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ आणा. फोटो भयंकर दिसेल, भिंत काळी-पांढरी होईल, पण राहिलेला प्रत्येक जोड, प्रत्येक गुळगुळीत ठिपका ओरडून दिसेल. कुठे आहे ते लक्षात ठेवा, हा लेयर डिलीट करा आणि खाली कॉपीवर जाऊन दुरुस्त करा. प्रिंट मोठी निघते तेव्हा हेच जोड दिसतात जे स्क्रीनवर दिसत नव्हते.

सुमेध_क

हे भारी आहे. मी फोटो आडवा उलटा करून बघतो, Image मध्ये Transform मध्ये Flip Horizontally. डोळा नव्याने बघतो, एकसारखे ठिपके लगेच दिसतात.

आणि एक, खांद्याला वाचवायला मी सिलेक्शन वापरतो. Free Select ने खांद्याच्या बाहेरची भिंत निवडली की ब्रश ड्रेसवर जातच नाही, मग हील बिनधास्त कडेपर्यंत.

खडूफळा

ब्रश ड्रेसवर जात नाही हे बरोबर. पण धूर थांबतो का? माझ्या इथे नाही थांबला. सिलेक्शनमुळे ड्रेसचे पिक्सेल बदलले नाहीत, पण भिंतीच्या बाजूला निळसर छटा आलीच. माझी समजूत अशी की सिलेक्शन फक्त कुठे रंग लागणार ते ठरवतं, गोलाच्या कडेचा रंग बघायचा तो हील बघतोच.

सुमेध_क

माझ्याकडे तरी स्वच्छ आलं होतं. पण माझ्या फोटोत कपडा पांढरट होता आणि भिंत पण फिकट, त्यामुळे कदाचित दिसलं नसेल. गडद कपड्यावर करून बघून सांगतो.

निळाई

Levels वालं केलं. बापरे, तीन जोड दिसले जे मला अजिबात दिसले नव्हते, आणि बोर्डाच्या सावलीचा खालचा एक छोटा कोपरा राहिला होता, खांद्याच्या अगदी जवळ. सावलीचा कोपरा क्लोनने Size १५ करून काढला, तिथे हील नाही लावला. बाकी तीन जोड हीलने. पुन्हा Levels करून बघितलं, एक अजून अगदी हलका दिसतो पण Levels काढल्यावर नाही दिसत, तो ठेवू की काढू?

जेपीजी काढताना Quality ९० आपोआप येतेय, तीच ठेवू का?

खडूफळा

तो एक जोड ठेवा. Levels मध्ये इतका ताणल्यावर खऱ्या भिंतीवरचे डाग पण दिसतात, त्यातला कुठला तुमचा आणि कुठला भिंतीचा हे वेगळं करत बसलात तर संपणार नाही. फक्त एकदा १ दाबून १०० टक्के झूमवर त्या जागेवरून नजर फिरवा, दाणे आजूबाजूसारखे दिसले की झालं.

Ctrl+Shift+E ने एक्सपोर्ट करताना प्रिंटसाठी ९५ करा, फाइल थोडी मोठी होईल, चालेल. आणि .xcf डिलीट करू नका, फ्रेम बघून काही खटकलं तर तिथूनच परत.

निळाई

९५ ने काढली. लेयरचा डोळा बंद-चालू करून आधीचा आणि नंतरचा फोटो आईला दाखवला. तिने पहिल्यांदा ओळखलंच नाही काय बदललंय ते, मग म्हणाली, अगं बोर्ड कुठे गेला. प्रिंटला दिलाय, आला की सांगते कसा दिसतो ते.

सुमेध दादा, गडद कपड्यावर करून बघितलंत का? माझ्या दुसऱ्या एका फोटोत काळ्या कोटाला चिकटून प्लग आहे.